मोबाईलवर व्हिडिओसाठी माइक घेताय? रिसीव्हरवाला कॉलर माइक की ब्लूटूथ माइक, आणि शेतात तो कसा वापरायचा

राजेहो, दुकानदाराच्या तोंडी बिनवायरचा प्रत्येक माइक "ब्लूटूथ माइक"च असतो. अमरावतीत विचारा, वरुडात विचारा नाहीतर ऑनलाइन शोधा, कॉलरला लावायचा माइक म्हटलं की समोरचा ब्लूटूथ म्हणूनच दाखवतो, आणि मग घेणारा घरी येऊन फोनच्या ब्लूटूथ लिस्टमध्ये माइकचं नाव शोधत बसतो जे तिथं कधी येणारच नसतं. किंवा उलटं होतं, खरंच ब्लूटूथवाला माल गळ्यात पडतो आणि आवाज कॉलवर बोलल्यासारखा येतो. या दोन जातीच वेगळ्या आहेत, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नाही होणार: संत्र्याच्या बगीच्यात काका उभे आहेत, आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण कसा द्यायचा हे सांगून राहिले, तुम्ही समोर मोबाईल घेऊन आठ-दहा पावलांवर, बाजूला कुठंतरी मोटर चालू आहे, आणि वारा आहे.

आधी एवढं जवळ पाहिजे

- कॉलर माइकचा सेट: एक किंवा दोन ट्रान्समीटर (कपड्याला लावायचे) आणि एक रिसीव्हर (फोनच्या चार्जिंगच्या जागी खुपसायचा)
- माइकवर चढवायचा फोम किंवा केसाळ टोपी
- एक टोक जुनं चौकोनी यूएसबी आणि दुसरं टोक सी-टाइप अशी चार्जिंग केबल (का ते शेवटी सांगतो)
- रेकॉर्डिंग ऐकायला कोणताही हेडफोन
- फोनमध्ये ओपन कॅमेरा सारखं एखादं अॅप, गरज पडली तर

१. दोघांमधला खरा फरक काय ते समजून घ्या

ब्लूटूथ माइक म्हणजे जो फोनशी पेअर करावा लागतो तो. नेकबँड, इअरबड, हेडसेट हे सगळे यातच आले. आता गंमत अशी की याच नेकबँडवर गाणं मस्त ऐकू येतं, मग लोकांना वाटते की माइकपण तसाच भारी असेल. पण गाणी ऐकायचा ब्लूटूथचा रस्ता एकतर्फी आहे, फोनकडून कानाकडे. माइक चालू केला की बहुतेक फोन तो रस्ता सोडून कॉलच्या रस्त्यावर जातात, ज्याला हँड्स-फ्री प्रोफाइल म्हणतात, आणि तो बनवलाच आहे फोनवर बोलण्यासाठी.

त्या रस्त्यावर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, जरा नवीन वस्तू असली तर १६,०००. व्हिडिओत साधारण ४८,००० असतात. आणि नियम असा आहे की जेवढे नमुने त्याच्या अर्ध्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे ८,००० वाल्यात ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गायब. आपल्या बोलण्यातला 'स', 'श', 'फ' यांचा जो सळसळणारा भाग आहे तो बराचसा त्याच्याही वरती असतो. म्हणून काका म्हणतात "नवी फूट" आणि ऐकणाऱ्याला "सूट" की "फूट" ते कळत नाही. कॉलवर आपण अंदाजानं समजून घेतो, समोरच्याला परत विचारता येते, व्हिडिओ बघणारा कोणाला विचारणार?

दुसरी भानगड उशिराची. ब्लूटूथवरून आवाज फोनपर्यंत पोचायला शंभर-दोनशे मिलीसेकंद सहज लागतात. व्हिडिओची एक फ्रेम सेकंदाला ३० च्या हिशोबानं ३३ मिलीसेकंदाची, म्हणजे आवाज तीन-सहा फ्रेम मागं राहते. काकाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. एडिटिंगमध्ये आवाज पुढं सरकवता येतो पण दर क्लिपला ते करत बसायचं म्हणजे वैताग आहे.

रिसीव्हरवाल्या सेटमध्ये काय होते तर कॉलरवरचा ट्रान्समीटर आणि फोनमध्ये खुपसलेला रिसीव्हर हे दोघं आपसात आपल्या भाषेत बोलतात, फोनला त्या रेडिओची खबरच नसते. फोनला वाटते की कोणीतरी वायरचा यूएसबी माइक लावला. त्यामुळे कॉलवाला रस्ता येतच नाही, पूर्ण आवाज रेकॉर्ड होतो, आणि उशीर साधारण एका फ्रेमपेक्षा कमी असतो म्हणून डोळ्याला दिसत नाही. बरं, लहरी बहुतेक वेळा दोघांच्याही २.४ गिगाहर्ट्झच्याच असतात हं, वायफायच्या असतात त्याच. कोणी "आमच्या माइकची फ्रिक्वेन्सी वेगळी" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर समजून घ्या.

काही महागड्या सेटमध्ये, जसं डीजेआय माइक २ किंवा माइक मिनी, ट्रान्समीटर रिसीव्हरशिवाय थेट फोनला ब्लूटूथनं जोडायचीही सोय आहे. सोय चांगली आहे, पण तसं जोडलं की रस्ता परत ब्लूटूथचाच झाला, म्हणून ज्याच्याजवळ रिसीव्हर आहे त्यानं रिसीव्हरच लावावा.

दुकानात ओळखायचं कसं? फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि माइक लावून व्हिडिओ रेकॉर्ड करायला सांगा. ब्लूटूथ बंद असूनही आवाज कॉलरच्याच माइकमधून आला तर तो रिसीव्हरवाला, आणि कोणत्या माइकमधून आला ते खालच्या पाचव्या पायरीसारखं खरवडून बघा. एवढंच.

२. माइक घ्यायच्या आधी आपला फोन तपासा

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण माइक चांगला असतो आणि फोन त्याला उचलत नाही, आणि दोष माइकवर जातो.

पहिलं म्हणजे तोंड. अँड्रॉइड असेल तर सी-टाइप, आयफोन १५ आणि त्याच्या पुढचे पण सी-टाइप, आयफोन १४ आणि मागचे लायटनिंग. रिसीव्हर तसाच पाहिजे, किंवा सेटसोबत दोन्ही जोड पाहिजेत. फार जुना चपट्या चार्जिंगचा फोन असेल तर या भानगडीत पडू नका, जोड लावूनही बहुतेक वेळा आवाज येत नाही.

दुसरं ओटीजी. ओप्पो, रियलमी, वनप्लस, विवो अशा फोनमध्ये बाहेरची वस्तू चालायला सेटिंगमध्ये ओटीजी चालू करावं लागते, आणि यातल्या कित्येक फोनमध्ये ते दहा मिनिटं न वापरलं की आपोआप बंद होते. म्हणजे तुम्ही घरून चालू करून निघालात, बगीच्यात पोचेपर्यंत ते बंद, माइकचा लाइट लागत नाही आणि तुम्ही म्हणता माइक मेला. सेटिंगच्या वरच्या सर्चमध्ये `OTG` टाका, सापडते. जागेवर पोचल्यावर रिसीव्हर लावायच्या आधी चालू करायचं.

तिसरं कव्हर. जाड रबरी कव्हर असेल तर रिसीव्हरची पिन पूर्ण आत जात नाही, लाइट तर लागतो पण फोन जरा हलला की संपर्क सुटतो आणि रेकॉर्डिंग मधूनच फोनच्या माइकवर जाते. व्हिडिओ बघताना एकदम काका दूर गेल्यासारखे वाटले तर समजायचं की हेच झालं. कव्हर काढून शूट करा.

चौथं कॅमेरा अॅप. बरेच फोन रिसीव्हर लावला की आपोआप त्याचा आवाज घेतात, काही नाही घेत. सॅमसंगच्या वरच्या मॉडेलमध्ये प्रो व्हिडिओ मोडमध्ये माइक निवडता येतो, तिथं यूएसबी निवडा. फोनचा आपला कॅमेरा ऐकतच नसेल तर ओपन कॅमेरा टाका, फुकट आहे, त्यात व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `Audio source` आहे, तिथं `External mic` वाला पर्याय निवडा. ब्लूटूथ माइकचं तर याच्याहून अवघड, बऱ्याच फोनचा आपला कॅमेरा व्हिडिओ काढताना ब्लूटूथ माइककडे बघतच नाही. वर लिहिलेलं दिसते "कनेक्टेड" आणि आवाज येऊन राहिला फोनच्या माइकमधून. कित्येक लोक महिनोन्महिने नेकबँड घालून व्हिडिओ काढतात आणि तो नुसताच गळ्यात असतो.

३. घेताना काय बघायचं

पाचशे ते हजार-बाराशेच्या आसपासचे सेट बाजारात भरपूर आहेत आणि खरं सांगतो, एका माणसाच्या मुलाखतीसाठी यातला नीट चालणारा सेट महागड्या ब्लूटूथ इअरबडपेक्षा चांगला आवाज देते. जास्त पैसे दिले की मिळते काय तर लांबची रेंज, आवाज कमी-जास्त करायची सोय, ट्रान्समीटरमध्येच वेगळं रेकॉर्डिंग, आणि डबीतच चार्ज होणारी केस. सुरुवातीला याची गरज नाही असं माझं मत आहे, आवाज कमी-जास्त करायची सोय मात्र मिळाली तर घ्या.

खोक्यावर लिहिलेल्या रेंजवर जाऊ नका. ती मोकळ्या मैदानात, मधे काहीच नसताना मोजलेली असते. दोन माइकवाला सेट घ्यावा की एकवाला? तुम्ही प्रश्न विचारणार आणि तुमचाही आवाज पाहिजे असेल तर दोनवाला. नाहीतर एकात भागते.

आणि ऑनलाइन घेतला तर परत करायची तारीख संपायच्या आत खाली दिलेली पाचवी पायरी पूर्ण करून बघा, डबीतून काढून लाइट लागला म्हणजे माइक चांगला असं नसते.

४. माइक लावायचा कुठं

हनुवटीच्या खाली एक वीत, छातीच्या मधोमध. यापेक्षा वर लावला तर मान खाली केली की आवाज दबते, खाली पोटाकडे लावला तर आजूबाजूचं सगळं घुसते.

कॉलर नसलेला बनियन किंवा टी-शर्ट असेल तर गळ्याच्या काठाला. काकाच्या खांद्यावर दुपट्टा असतेच, तो आधी बाजूला ठेवायला सांगा, नाहीतर प्रत्येक वेळी हात हलला की दुपट्टा माइकवर घासते आणि खर्रखर्र असा आवाज येते जो एडिटिंगमध्ये कशानंच निघत नाही. बाईमाणसाची मुलाखत असेल तर माइक त्यांच्याच हातात द्या आणि त्यांनाच लावू द्या, पदराच्या काठाला लावला तर पदर सरकते म्हणून ब्लाउजच्या गळ्याला लावलेला बरा, आणि मंगळसूत्र माइकवर आपटत नाही ना ते बघा. हा टिकटिक आवाज शूटिंगच्या वेळी कानाला कळत नाही, घरी हेडफोन लावला की कळते.

आमच्याकडे एका काकांना माइक लावला तर ते दर वाक्याला मान खाली घालून त्या माइकलाच सांगून राहिले होते, "तं भाऊ, पाणी तोडाचं डिसेंबरात". त्यांना सांगावं लागलं की काका याच्याकडे पाहूच नका, मले सांगा, मी समोर आहो ना. माइक लावल्यावर दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलत राहा, माणूस त्याला विसरून जाते.

५. खरा आवाज कोणत्या माइकमधून येतो ते तपासा

ही पायरी सोडू नका. रेकॉर्डिंग चालू करा. कॉलरवरच्या माइकला बोटाच्या नखानं हळूच खरवडा, मग फोनच्या खालच्या बाजूला, जिथं फोनचा स्वतःचा माइक असतो, तिथं खरवडा. रेकॉर्डिंग बंद. आता ऐका. पहिली खरवड मोठी आणि दुसरी जवळपास नाहीच, तर कॉलर माइक चालू आहे. उलटं असेल तर फोनचाच माइक चालू आहे, परत दुसऱ्या पायरीवर जा.

आता ऐकताना सगळ्यात मोठा घोळ इथं होते. रिसीव्हर फोनमध्ये तसाच ठेवून व्हिडिओ लावला तर बऱ्याच फोनवर आवाजच येत नाही, कारण फोनला वाटते की हा हेडफोन लावलेला आहे आणि तो आवाज तिकडे पाठवते, जिथं स्पीकरच नाही. लोकांना वाटते रेकॉर्डिंगच झालं नाही आणि ते काकाला परत पहिल्यापासून बोलायला लावतात. रिसीव्हर काढा, मग ऐका. कॉल आला तरी तसंच, रिसीव्हर लागलेला असताना कॉल उचलला तर समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही. म्हणून शूट करताना फोन एअरप्लेन मोडवर टाकलेला बरा, रिसीव्हरवाल्या माइकला त्यानं काही फरक पडत नाही.

आवाज फाटते का तेही याच वेळी बघा. काकाला जोरात हसायला लावा किंवा दूरच्या गड्याला हाक मारायला लावा. हसताना आवाज चिरकला तर ट्रान्समीटरवर आवाज कमी करायचं बटण असेल तर कमी करा, नसेल तर माइक चार बोटं खाली घ्या. एकदा फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहते.

६. आता बगीच्यात

रेडिओचा दुश्मन म्हणजे पाणी, आणि माणसाच्या शरीरात पाणीच पाणी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातून फार कमी पार होतात. म्हणून माइक छातीवर आणि काका तुमच्याकडे तोंड करून आहेत तोवर सगळं ठीक, पण ते वळून झाडाकडे बोट दाखवत चालायला लागले की मधे त्यांची पाठ आली आणि आवाज तुटायला लागतो. ओली दाट पानंही थोडंफार तेच करतात, म्हणून दोन ओळींमधून आडवं शूट करण्यापेक्षा एकाच ओळीत उभं राहा, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना दिसत राहतील.

तपासायची पद्धत सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवा, काकाला पाठ करून चालत जायला सांगा आणि आकडे मोजायला लावा, एक पाऊल एक आकडा. ऐकताना ज्या आकड्यावर आवाज तुटला तेवढीच तुमच्या सेटची खरी रेंज. समजा अठराव्या पावलाला तुटला, तर शूटिंगमध्ये बारा-तेराच्या पुढं जाऊ देऊ नका. काकाला पुढं चालत जाऊन झाड दाखवायचंच असेल तर तुम्ही मागून न जाता बाजूनं चाला, किंवा माइक त्या वेळेपुरता फोनकडच्या खांद्याजवळ लावा.

वारा. फोम टोपी फक्त हलक्या झुळकीला चालते, उघड्या शेतात केसाळ टोपीच पाहिजे. ती नसेल तर काकाला वाऱ्याकडे पाठ करून उभं करा, त्यांचंच अंग माइकला आडोसा देते. इथं लोक माइकवरचं नॉइज कॅन्सल बटण दाबतात आणि वारा जाईल म्हणतात. नाही जात. हवा माइकच्या पडद्यावर आपटते आणि आवाज तिथंच बिघडते, मागचं सर्किट काय साफ करणार?

हे बटण एकाच कामाचं आहे, सारखा एकसुरी आवाज असेल तर. मोटरची घरघर, पंखा, ट्रॅक्टर उभ्यानं चालू. त्याचाही भाव मोजावा लागते, घरघर कमी होते पण काकाच्या आवाजातला जिवंतपणा जातो, वाक्याची शेवटची अक्षरं खाल्ली जातात. आपल्या उदाहरणातली मोटर? सरळ दहा मिनिटं बंद करा. ताणाच्या व्हिडिओत मोटर चालू कशाला पाहिजे, बघणारे कमेंटमध्ये तेच विचारतील. शेजारच्याची मोटर असेल तर तिच्याकडे काकाची पाठ करा आणि जरा दूर जा, बटण शेवटचा उपाय.

बोलणं सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद कोणी काहीच न बोलता नुसता बगीच्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. एडिटिंगमध्ये एखादं वाक्य कापलं की मधे एकदम शांत खड्डा पडते, तिथं हा तुकडा टाकला की जोड कळत नाही.

७. ब्लूटूथ कुठं चालते

ऑनलाइन मिटिंग, व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज, गाडीवर बसून कॉल, यासाठी नेकबँड घ्या बिनधास्त, तो त्यासाठीच आहे. नवीन आयफोनवर आयओएस २६ पासून एअरपॉड्सवरून व्हिडिओसाठी चांगला आवाज घ्यायची सोय आली आहे, पण ती ठराविक नवीन एअरपॉड्सपुरतीच आहे, आणि कानात काहीतरी घालून काकाची मुलाखत घेणं बरं पण नाही दिसत.

माइक घ्यायला पैसेच नसतील तर नेकबँडपेक्षा दुसरा फोन बरा. घरातला कोणताही जुना अँड्रॉइड, त्यात व्हॉइस रेकॉर्डर चालू करून काकाच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, माइकची बाजू वर. दोन्ही रेकॉर्डिंग चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंग अॅपमध्ये टाळीचं टोक टाळीला जुळवलं की आवाज बसला. यात रेंजची भानगड नाही, तुटायचा प्रश्न नाही.

८. चार्जिंगचं

स्वस्त सेट नवीन फोनच्या दोन्ही बाजूला सी-टाइप असलेल्या केबलनं बरेचदा चार्जच होत नाहीत. माइक खराब नसते, त्यात चार्जरला ओळख द्यायचा छोटासा भाग कंपनीनं बसवलेला नसते म्हणून चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलनं लावा, लगेच लाइट लागते. म्हणून वर यादीत ती केबल लिहिली. आणि मोठा, जास्त वॅटचा चार्जर लावायची गरज नाही, ट्रान्समीटरची बॅटरी एवढीशी असते, पॉवर बँकेवरही होते, लाइन गेली तरी अडत नाही.

रिसीव्हरला वेगळी बॅटरी नसेल तर तो फोनचीच बॅटरी खाते, आणि चार्जिंगची जागा त्यानंच अडवलेली असते, म्हणून शूटला निघताना फोन पूर्ण भरलेला पाहिजे. काही रिसीव्हरला बाजूला चार्जरसाठी भोक असते, पण शूट चालू असताना त्यातून चार्ज लावला तर कधीकधी आवाजात भुंगा घुसते, तेव्हा आधी एकदा ऐकून घ्या. काम झालं की ट्रान्समीटर बटण दाबून बंद करा, नुसता डबीत ठेवून देऊ नका, कारण साध्या डबीत तो चालूच राहते आणि दुसऱ्या दिवशी बगीच्यात बॅटरी शून्य.